पेट्रोल नेमकं कुठे अडलंय?
कसारा घाटाच्या अलीकडे रात्री दीडला माझी जुनी कार्ब्युरेटरवाली बाईक आचके देत बंद पडली. टाकीत पेट्रोल होतं. थांबलेले ट्रकवाले काका म्हणाले, "लायटर नको, मोबाईलचा टॉर्च लाव. इंजिन गार होऊ दे. मग कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धर आणि कॉक उघड."

दोन थेंब आले नि थांबले. टाकीचं झाकण उघडलं, तरी तेच. (तेव्हा धार लागली असती, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं.) कॉक बंद करून फिल्टरच्या आधीचा पाइप काढला, पुन्हा कॉक उघडला, इथे मात्र धार!

"फिल्टरच तुंबलाय पोरा." काकांनी तो उलटा धरून झटकला, काळा गाळ पडला. तेवढ्यावर घर गाठलं. सकाळी नवा फिल्टर बसवला.