भजनाची पट्टी: आधी अंतरा, मग सा

नवं भजन बसवायला घेतलं की मंडळात पहिला प्रश्न येतो, "ताई, पट्टी कोणती?" आणि कुणीतरी लगेच सांगतं, "रेकॉर्डिंगला काळी १ आहे, तीच घ्या." हा सल्ला मी गेली वीस वर्षं ऐकते आहे आणि त्यापायी कितीतरी बायकांचे घसे बसलेले पाहिले आहेत. काळी १ ही त्या गायकाच्या गळ्याची पट्टी आहे, भजनाची नव्हे. महिला मंडळाने तिथला खालचा सा धरला तर ध्रुवपद पुटपुटल्यासारखं होतं आणि वरचा सा धरला तर अंतरा कुणाच्याच आवाक्यात राहत नाही.

इथे मी शिकलेल्या गळ्यांबद्दल बोलत नाही. दुपारी देवळात जमणाऱ्या, टाळ हातात घेऊन मनापासून गाणाऱ्या पंधरा-वीस बायकांचं मंडळ डोळ्यांसमोर ठेवते आहे. भजन निवडलं आहे, शब्द वहीत उतरले आहेत आणि पेटी वाजवणारीला पट्ट्यांची नावं ठाऊक आहेत, असं धरून चालू.

चालीचा तळ आणि माथा शोधा

पेटीवर संपूर्ण चाल एकदा वाजवा. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वहीत लिहा, आणि त्या दोन्हींवर चाल किती वेळ थांबते तेही लिहा. नुसता स्पर्श करून निघते की तिथे मुक्काम करते, हे पुढे फार कामाला येतं.

मंडळाचा आवाज मोजा

एकेकीला उभं करून "सा रे ग म म्हणा" असं सांगू नका. एकटीने सरगम म्हणायची म्हटली की बायका आवाज चोरतात आणि माप चुकतं. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या भजनाचं ध्रुवपद घ्या आणि सर्वांना एकत्र गायला लावा. मग दर खेपेला एकेक पट्टी वर सरका.

वरची हद्द कानाला ऐकू येते तशी डोळ्यांना दिसतेही. आधी हनुवट्या वर उचलल्या जातात. मग टाळ मंदावतो, कारण सगळं लक्ष गळ्याकडे गेलेलं असतं. त्यानंतर एक-दोघी गुपचूप खालच्या सप्तकात उतरतात आणि एकाच ओळीचे दोन आवाज ऐकू येऊ लागतात. तो क्षण आला की दोन पट्ट्या मागे या. त्या पट्टीत ध्रुवपदाचा सर्वांत वरचा सूर जिथे येतो ती तुमची वरची हद्द.

खाली येताना खूण वेगळी असते. सूर लागतो, पण शब्द नुसते श्वासासारखे निघतात आणि टाळाखाली दबून जातात. म्हणून हे माप टाळ वाजवतच घ्या.

आमच्या मंडळाचं माप निघालं खालच्या पांढरी ५ पासून वरच्या काळी ५ पर्यंत. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून सोळा पट्ट्या. चाळिशीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या बायकांसाठी हे चांगलंच म्हणायचं. तुमचं माप कमी निघालं तर तेच खरं धरा. "सरावाने चढेल" असं म्हणून दोन पट्ट्या उधार घेऊ नका. सरावाने सूर पक्का होतो, सत्तरीतल्या काकूंचा गळा पुढच्या एकादशीपर्यंत वर सरकत नाही.

चाल आवाजात मावत नाही तेव्हा

मी इथेच वर्षानुवर्षं अडकत होते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

भीमपलासीतला एक अभंग आम्ही सप्ताहासाठी बसवला होता. चाल मंद्र कोमल निषादावरून उठायची, ध्रुवपद सा, म, प यांच्या आसपास फिरायचं आणि अंतऱ्यात चाल तार सा, तार रिषभ घेत तार कोमल गंधारापर्यंत जायची. मंद्र निषादापासून तार गंधारापर्यंत मोजलं तर अठरा पट्ट्या होतात. आवाज सोळा पट्ट्यांचा आणि चाल अठराची. मी मात्र तेव्हा मोजलंच नव्हतं. ध्रुवपद छान भरदार वाटतं म्हणून काळी ५ धरली. सप्ताहात दुसऱ्या चरणाला अर्धं मंडळ खालच्या सप्तकात गेलं, उरलेल्या सात-आठ जणी ताणत राहिल्या आणि आमच्या सर्वांत ज्येष्ठ काकू तोंड मिटून नुसता टाळ वाजवत बसल्या. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, माझा अभंग होता तो, पण मला म्हणताच आला नाही." ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

पुढच्या वेळी मी उलटी चूक केली. अंतरा जमावा म्हणून पट्टी उतरवत उतरवत पांढरी ४ वर आणली. अंतरा सुटला, पण ध्रुवपद बुडालं. आणि ध्रुवपद तर प्रत्येक चरणानंतर येतं, तेही दोन-दोनदा. सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ तीच, आणि नेमकी तीच कुणाला ऐकू येईना.

तेव्हा उमगलं ते असं. पट्टी बदलली की सगळी चाल एकदम सरकते, तिची रुंदी तसूभरही कमी होत नाही. स्केल चेंजरची पेटी असली तरी हेच. ती वाजवणारीच्या बोटांचा त्रास वाचवते, गाणारीच्या गळ्याचा नाही. चाल आवाजापेक्षा रुंद असेल तर चालीलाच एका जागी हात लावावा लागतो. तो कुठे लावायचा, एवढाच प्रश्न उरतो.

मी आता सा ठरवून सुरुवात करत नाही. सगळं मंडळ मिळून अंतऱ्यात जो वरचा सूर धरणार आहे तो त्यांच्या वरच्या हद्दीवर ठेवते आणि तिथून खाली मोजत सा काढते. वरच्या अभंगात गंधार सगळ्यांनी धरावा असा हट्ट सोडला आणि रिषभ हा माथा मानला. आमची वरची हद्द काळी ५. तार रिषभ काळी ५ वर ठेवला की सा येतो काळी ४ वर. मग मध्यम काळी १ वर, पंचम काळी २ वर, म्हणजे ध्रुवपदाचा सगळा मुक्काम आवाजाच्या भरल्या भागात. पुरुषाच्या काळी १ चा पंचमही काळी ४ च असतो. पुरुषाचा पंचम तो बाईचा षड्ज हा जुना अंदाज इथे जुळला. पण तो अंदाजच आहे, तुमच्या मंडळाचं माप वेगळं सांगत असेल तर माप ऐका.

आता दोन टोकं उरली. खाली मंद्र निषाद काळी ३ वर जातो, म्हणजे आमच्या हद्दीच्या एक पट्टी खाली. त्याची मी काळजी केली नाही, कारण चाल तिथे नुसती टेकून वर येते. निम्म्या जणींना तो लागला नाही तरी पेटी तो भरून काढते आणि ऐकणाऱ्याला काही उणं वाटत नाही. खालचा निसटता सूर सोडून देता येतो, वरचा मुक्कामाचा सूर सोडता येत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा.

वर तार गंधार पांढरी ७ वर येतो, हद्दीच्या एकच पट्टी वर. एका पट्टीने काय होतंय, असं म्हणू नका. हद्दीवर दमलेला गळा तिथे फाटतो. आम्ही तो गंधार पुढे म्हणणारीला एकटीला दिला. ती "प नि सां गं रें सां" असं म्हणते आणि मागून मंडळ "प नि सां रें सां" अशी ओळ झेलतं. ओळ तीच, शेवट तार षड्जावरच, त्यामुळे ध्रुवपदावर परत येताना कुणी चुकत नाही. बदल कराल तो ओळीच्या मधल्या वळणात करा. ओळ ज्या सुरावर विसावते त्याला हात लावलात तर चाल परकी वाटू लागते.

वरच्या सुरावर कोणतं अक्षर येतं तेही पाहा. तिथे "ही", "की", "ती" अशी अक्षरं आली की न शिकलेला गळा आवळतो आणि सूर थोडा उतरतो. "आ"कार आला की तोच सूर सहज निघतो. आमच्या अंतऱ्यात रिषभावर "ही" येत होतं. ते अक्षर एक मात्रा आधी षड्जावर उरकून घेतलं आणि रिषभावर पुढचं "ना" आणलं. एवढ्याने निम्म्या हनुवट्या खाली आल्या.

बदललेली चाल पहिल्या दिवसापासून एकच शिकवा. आधी मूळ, मग सोपी, असं केलंत तर ऐन कार्यक्रमात निम्म्या जणी सवयीने वर जातात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ गाणं पाठवू नका. आपल्या पट्टीत, आपल्या वळणासह मोबाइलवर म्हणून पाठवा.

पुरुष आणि बायका एकत्र असतील तर

पुरुष बायकांच्या खालच्या सप्तकात गातात, म्हणून काळी ४ चा सा त्यांना फार खाली जातो आणि काळी १ चा सा बायकांना सोयीचा पडत नाही. दोघांनाही सोयीचा असा पट्टा जेमतेम एका सप्तकाचा उरतो. अशा वेळी भीमपलासीतली ही चाल घेऊच नये. पाच-सहा सुरांत फिरणाऱ्या, हरिपाठाला लावतात तशा पारंपरिक चाली घ्या, किंवा चरण पुढे म्हणणाऱ्या एकाने म्हणावेत आणि सर्वांनी फक्त ध्रुवपद धरावं.

तबला

काळी ४ ला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. तो नसेल तर काळी १ चा तबला चालेल, कारण काळी ४ च्या सा ला काळी १ हा मध्यम होतो आणि भीमपलासीत मध्यमच ठळक असतो. गठ्ठे ठोकून तो चार-पाच पट्ट्या उतरवायच्या भानगडीत पडू नका, पुडी सैल पडेल.

शेवटची तपासणी

पट्टी सरावाच्या सुरुवातीला ठरवा, पण कायम करा ती शेवटी. दीड तास गाऊन झाल्यावर तोच अंतरा पुन्हा घ्या. तिथे कुणी खालच्या सप्तकात गेलं तर एक पट्टी उतरा आणि ध्रुवपद अजून टाळावरून ऐकू येतं ना, ते पाहा. पहाटेच्या काकड्याला आवाज मुळात बसका असतो, त्यासाठी आणखी एक पट्टी खाली ठेवा. वहीत अभंगाच्या डोक्यावर दोन्ही पट्ट्या लिहा. आमच्या वहीत त्या अभंगावर लिहिलं आहे: संध्याकाळी काळी ४, काकड्याला पांढरी ५, गंधार फक्त पुढे म्हणणारीने.