नमुना उत्तरात नसलेली रीत: गुण द्यायचे कसे?

नव्या परीक्षकाची पहिली अडचण बहुधा अशा उत्तराने सुरू होते: शेवटचा आकडा बरोबर, पण वरच्या ओळी नमुना उत्तराशी जुळत नाहीत. 4 गुणांचा एक प्रश्न घेऊ. x > 0 असताना x + 9/x चे किमान मूल्य काढा.

नमुना उत्तर विकलनाचे आहे. 1 − 9/x² = 0 या समीकरणाला 1 गुण, x = 3 ला 1, द्वितीय विकलज धन असल्याच्या पडताळणीला 1 आणि किमान मूल्य 6 ला 1. विद्यार्थ्याने मात्र विकलन केलेलेच नाही. त्याने लिहिले आहे:

x + 9/x = (√x − 3/√x)² + 6

वर्ग ऋण नसतो, म्हणून ही राशी 6 पेक्षा कमी होत नाही; x = 3 ला वर्ग शून्य होतो, म्हणून किमान मूल्य 6.

इथे ओळीशी ओळ जुळवत बसू नका. नमुना उत्तरातला प्रत्येक गुण कोणत्या कामाचा आहे ते पाहा. समीकरण ही सुरुवात, x = 3 हे स्थान, द्वितीय विकलज ही किमान असल्याची खात्री आणि 6 हे मूल्य. विद्यार्थ्याच्या रीतीत सुरुवात राशीच्या मांडणीने होते आणि खात्री ‘वर्ग ऋण नसतो’ या वाक्याने. द्वितीय विकलज नाही म्हणून गुण कापणे चूक, कारण ते काम झालेले आहे. पूर्ण 4 द्या.

x = 3 ची ओळ गाळली असेल तर 3 द्या. ही ओळ वरवर क्षुल्लक वाटते. पण अट x ≥ 4 अशी बदलून पाहा: राशी 6 पेक्षा कमी होत नाही हे तेव्हाही खरेच, तरी किमान मूल्य 6.25 येते, कारण 3 ही किंमत घेताच येत नाही. त्या उणिवेसाठी अंतिम उत्तराचा गुणही कापू नका. तसे केल्यास एकाच चुकीला दोनदा शिक्षा होते.

आणखी एका विद्यार्थ्याने x = 1, 2, 3, 4 घेऊन 10, 6.5, 6, 6.25 असा तक्ता केला आणि 6 निवडले. आकडा तोच, पण मधल्या किमतींबद्दल काहीच सिद्ध झालेले नाही. त्याला मूल्याचा 1 गुण. फार तर स्थानाचा आणखी 1, तोही योजनेत सिद्धतेविना स्थान चालत असेल तर. अनोळखी रीत आणि अपुरी रीत यांतला फरक नेमका इथे दिसतो.

‘विकलनाने काढा’ असे प्रश्नातच म्हटले असेल तर वर्गाच्या रीतीला पूर्ण गुण देता येत नाहीत. किती द्यायचे ते नियामकांना विचारा. नवी रीत मान्य झाली की तिची गुणविभागणी टिपून ठेवा आणि आधी तपासलेल्या गठ्ठ्यात तीच रीत कुणाची कापली गेली आहे का, ते पुन्हा उघडून पाहा.