पहिलं पैसे देणारं काम: प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन लिहिताना या चुका टाळा

नवे कंटेंट रायटर पहिल्याच कामात अख्खी वेबसाइट अंगावर घेतात. होम पेज, ‘आमच्याविषयी’, सगळी उत्पादनं आणि वर चार ब्लॉग. मालकाला दुकान सांभाळून एवढी माहिती द्यायला वेळ होत नाही. मग पानं अर्धवट राहतात आणि त्यांच्याबरोबर पैसेही अडकतात. त्यापेक्षा एकाच प्रकारच्या तीन वस्तूंची डिस्क्रिप्शन घ्या. काम आठवड्यात हातावेगळं होतं आणि दाखवायला तीन पूर्ण नमुने मिळतात.

विशेषणांवर भागवणं

लॅपटॉप ठेवायच्या सॅकचं हे वर्णन पाहा:

“उत्तम दर्जाची, स्टायलिश आणि टिकाऊ सॅक. ऑफिस, कॉलेज व प्रवासासाठी एकदम योग्य. १५.६ इंची लॅपटॉपसाठी. वॉटरप्रूफ.”

यातली पहिली दोन वाक्यं कुठल्याही सॅकला चिकटवता येतात. खरी गडबड पुढे आहे. १५.६ इंच हे स्क्रीनचं कर्णमाप असतं, लॅपटॉपची लांबी-रुंदी नव्हे. एकाच स्क्रीनचे दोन लॅपटॉप कडांमुळे लहानमोठे असू शकतात, म्हणून कप्प्याचं आतलं माप दिलं नाही तर ग्राहक अंदाजाने घेतो आणि न बसल्यास परत पाठवतो. ‘वॉटरप्रूफ’ तर त्याहून धोक्याचं. कापडावरून पाणी ओघळून गेलं तरी साध्या चेनमधून आणि शिलाईतून ते आत जातंच. लॅपटॉप भिजला की ग्राहक त्या एका शब्दावर बोट ठेवतो.

लिहायला बसण्याआधी मालकाला “माहिती पाठवा” एवढंच म्हणू नका, त्यावर जुनं पत्रकच येतं. ग्राहकांनी या वस्तूबद्दल विचारलेले शेवटचे दहा प्रश्न मागा. ते त्याच्या फोनमधल्या मेसेजमध्ये असतातच. वस्तू परत आली असेल तर कारण विचारा. सॅक हातात घेऊन टेपने मोजा आणि रिकामी असताना वजन करा. एवढं केलं की वर्णन असं होतं:

“१५.६ इंची लॅपटॉपसाठी सॅक. लॅपटॉपच्या कप्प्याचं आतलं माप ३८ × २७ सेंमी. तुमचा लॅपटॉप मोजून खात्री करा. कप्प्याच्या तळाला फोम आहे. चार्जरसाठी पुढे वेगळा खण. हलक्या सरीत कापड भिजत नाही, पण चेनमधून पाणी आत जाऊ शकतं. मोठ्या पावसात कव्हर घाला. रिकाम्या सॅकचं वजन ८५० ग्रॅम.”

पावसाचं वाक्य मालक बहुधा काढायला सांगेल. तिथे हट्ट धरा. परत येणारा माल आणि वाईट रिव्ह्यू टाळणारं वाक्य तेच आहे.

कंपनीचा मजकूर फिरवून देणं

घाऊक पुरवठादाराचा मजकूर तसाच्या तसा अनेक वेबसाइटवर असतो. गूगल त्यासाठी शिक्षा करतं हा गैरसमज आहे. पण सारख्या मजकुराच्या पानांपैकी ते बहुतेक वेळा एकच दाखवतं आणि ते छोट्या दुकानाचं असेलच असं नाही. ‘मजबूत’च्या जागी ‘दणकट’ लिहून यातून सुटका होत नाही, वर मोजलेली माहिती घातल्याने होते. ‘लॅपटॉप सॅक’ हा शब्द प्रत्येक ओळीत कोंबणं तर सोडूनच द्या. तसं करणं गूगलच्या स्पॅमविषयक धोरणाविरुद्ध आहे आणि वाचणाराही कंटाळतो.

तोंडी ठरवून काम सुरू करणं

“छान वाटलं तर पैसे देतो” यावर लिहू नका. छान म्हणजे काय हे कोणीच ठरवलेलं नसतं. एकच मेसेज पाठवा आणि उत्तरात ‘मंजूर’ आल्यावरच लिहायला घ्या:

“तीन सॅकची डिस्क्रिप्शन, प्रत्येकी साधारण १०० शब्द. मापं घ्यायला सॅक आणि फोटो तुम्ही सोमवारपर्यंत द्याल, मजकूर शुक्रवारी मिळेल. एक फेरी दुरुस्ती यात धरली आहे. नवीन वस्तू किंवा नवी माहिती आल्यास ते वेगळं काम. निम्मे पैसे आधी, निम्मे मजकूर दिल्यावर. मजकूर माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला तुमची हरकत नाही.”

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात आणि काम संपल्यावर परवानगी मागायला अवघडतात. दुरुस्तीचं वाक्य नसेल तर पाचव्यांदा बदल सांगणाऱ्याला थांबवता येत नाही.

नमुना जपून न ठेवणं

फक्त लिंक ठेवू नका. मालक पान बदलतो, वस्तू संपली की काढूनही टाकतो. मजकूर चढला त्याच दिवशी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि जुन्या वर्णनाची प्रत त्याच्या शेजारी ठेवा. खाली दोन ओळी लिहा: ग्राहक काय विचारत होते आणि कोणत्या वाक्यात त्याचं उत्तर दिलं. ‘विक्री वाढली’ हे मालकाने आकडे दिले असतील तरच लिहा, आणि तेही ते आकडे दाखवायला त्याची परवानगी असेल तर.