बेस घुमणारी खोली: लांबी, रुंदी आणि विसरू नये ती उंची

राजारामपुरीत बेस गिटारच्या सरावासाठी दुसरी खोली बघतोय. मागच्या वेळी जे चुकलं ते पुन्हा नको, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. मागची खोली मी लांबी-रुंदी मोजून घेतली होती. उंची मोजली नाही. त्या एका आकड्यापायी चार महिन्यांचं रेकॉर्डिंग वाया गेलं.

टेप पोलादी घ्या. माप आतलं घ्यायचं, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. घरमालक सांगतो ते माप भिंतीच्या जाडीसकट असतं, त्यावर जाऊ नका. लांबी, रुंदी, आणि त्याच दमात उंची. उंचीला टेप वाकते, दोन माणसं लागतात, स्टूल लागतं, म्हणून ती राहून जाते. फरशीपासून स्लॅबपर्यंत मोजा. पीओपीचं छत असेल तर त्याच्या वर स्लॅब किती आहे तेही बघा. पातळ छतातून खालचा बेस बराचसा वर निघून स्लॅबवरूनच परतू शकतो. तेव्हा दोन्ही आकडे लिहा. कौलारू उतरतं छप्पर असेल तर उंचीचा हा हिशोब लागू पडत नाही. तो समोरासमोरच्या समांतर भिंतींसाठीच आहे.

आता हिशोब. आवाज एका भिंतीवरून निघतो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. या जाण्या-येण्याच्या फेरीत त्या सुराच्या नेमक्या एक, दोन किंवा तीन लाटा पूर्ण बसल्या, तर परतलेला आवाज नव्या आवाजाच्या तालात मिळतो. तो सूर वाढतो आणि तार दाबली तरी मागे रेंगाळतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या अशा घुमण्याला अ‍ॅक्शियल मोड म्हणतात. फरशी आणि स्लॅब हीसुद्धा समोरासमोरची जोडीच आहे. मी नेमकी हीच जोडी सोडली होती.

आपल्याकडे खोलीत साधारण २५ अंश तापमान धरलं तर आवाज सेकंदाला सुमारे ११३६ फूट जातो. त्याचं निम्मं ५६८. खोलीचं माप फुटांत घ्या, ५६८ ला त्याने भागा, पहिला मोड हर्ट्झमध्ये मिळतो. त्याची दुप्पट दुसरा, तिप्पट तिसरा. उन्हाळ्यात आकडे टक्काभर वर सरकतात, त्याने काही बिघडत नाही.

मागची खोली १४ फूट ६ इंच लांब, ९ फूट ८ इंच रुंद होती. लांबीचे मोड ३९.२, ७८.३ आणि ११७.५. रुंदीचे ५८.८ आणि ११७.५. इथपर्यंत मी कागदावर केलं होतं. ११७.५ दोनदा आलाय हे दिसलं, आणि तो आकडा काळी पाच या सुराच्या ११६.५ ला जवळजवळ चिकटलेला आहे हेही दिसलं. बेसवर हा सूर जी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येतो. मोड काही सुईच्या टोकाएवढा नसतो, एक-दोन हर्ट्झ इकडेतिकडे असलेला सूरही तो उचलतो. म्हणून मी जागा विचार करून निवडली. दुसऱ्या मोडचा आवाज भिंतीपासून पाव अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून खुर्ची बाजूच्या भिंतीपासून २ फूट ५ इंचांवर ठेवली. लांबीचा तिसरा मोड मधोमध मरतो, म्हणून खुर्ची लांबीच्या मध्यावर. कागदावर दोन्ही मोड बंद झाले होते.

काळी पाच तरीही घुमत होती.

मी गिटारला दोष दिला, तारा बदलल्या, भिंतींना दोन इंची फोम लावला. मग इक्वलायझरने तो सूर दाबला. रेकॉर्डिंग मित्राच्या गाडीत लावलं तर बेसमधून काळी पाच गायबच होती. खोली जे वाढवत होती ते मी रेकॉर्डिंगमधून कापून टाकलं होतं.

कारण उंची. खोली सोडायच्या आठवड्यात मोजली, तीही ९ फूट ८ इंच. म्हणजे ११७.५ वर तीन मोड एकावर एक होते, आणि मी दोनच बंद केले होते. उंचीचा दुसरा मोड फरशीशी, स्लॅबशी आणि मध्यावर, म्हणजे ४ फूट १० इंचांवर, सगळ्यात जोरात असतो. खुर्चीत बसल्यावर माझा कान चार फुटांवर येतो, त्या जोराच्या पट्ट्यातच. पटतंय का ते बघायला एकाला काळी पाच धरायला सांगितली आणि मी खाली सतरंजीवर बसलो. कान अडीच फुटांच्या आसपास आला आणि घुमणं पडलं. उठलो की परत. लांबी-रुंदीत जागा तीच, फक्त कानाची उंची बदलली आणि सूर बदलला, म्हणजे दोष फरशी-स्लॅबच्या जोडीचा. ही परीक्षा खोली घेण्याआधीच करा.

म्हणून नवीन खोलीत आधी तिन्ही मापं शेजारी लिहा. दोन मापं सारखी, किंवा एक दुसऱ्याच्या दीडपट वा दुप्पट असेल तर मोड एकमेकांवर चढतात. आपल्याकडे दहा फुटी स्लॅब आणि दहा फुटी रुंदी सर्रास सापडते, आणि जाहिरातीत उंची लिहिलेली नसते. उंची मोजल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.

अ‍ॅम्पची जागाही याच हिशोबातली. जिथे कानाला मोड जोरात ऐकू येतो, तिथे ठेवलेला स्पीकर त्याला तितकंच जोरात जागं करतो. जमिनीवर, कोपऱ्यात ठेवलेला अ‍ॅम्प तिन्ही जोड्यांना एकदम चेतवतो. माझा तसाच होता. तो स्टुलावर चढवून स्पीकरचा मध्य २ फूट ५ इंचांवर, उंचीच्या पाव भागावर आणला असता तर उंचीचा तो मोड फारसा चेतलाच नसता. खर्च एका स्टुलाचा. पण उंची माहीत नसेल तर पाव भाग कुठून काढणार?

फोमवर पैसे घालू नका, अंड्यांचे ट्रे तर नकोतच. ११७ हर्ट्झची लाट पावणेदहा फुटांच्या आसपास असते, दोन इंचांत ती अडकत नाही. चार इंची रॉकवूल, मागे चार इंच मोकळी जागा सोडून, थोडंफार काम करतं. ५८ वर तेही कमी पडतं. मोड उंचीचा असेल तर ते छताला लावायचं, भिंतीला लावून उपयोग नाही.

या आकड्यांवरून सगळंच कळतं असं नाही. चार किंवा सहा पृष्ठांवरून फिरणारे मोडही असतात, पण ते कमजोर.

शेवटी वाजवून बघा. मोकळ्या ई तारेपासून एकेक फ्रेट सारख्या जोराने, प्रत्येक सूर दाबून किती रेंगाळतो ते ऐकत. तोच सूर हेडफोनवर घ्या. तिथेही फुगत असेल तर गिटार, नसेल तर खोली. टेप, स्टूल, सतरंजी, हेडफोन, कागद. आणि टेप धरायला दुसरा माणूस, उंचीसाठी.