पिल्ले आणण्यापूर्वी पुरवठादाराची आणि खाद्याची तयारी

मागील खेपेस 50 पिल्ले आणताना ब्रूडर, तूस, भांडी यांची जुळवाजुळव मी काटेकोरपणे केली, मात्र पहिल्याच दिवशी मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचली आहे का, हे पुरवठादाराला विचारायचे राहून गेले. अकराव्या आठवड्यात एक तलंग एक पाय पुढे आणि दुसरा मागे ताणून पडलेली दिसली. शवविच्छेदनात मांडीतील नस सुजलेली निघाली आणि पुढील पंधरवड्यात 14 तलंगा दगावल्या.

म्हणून सर्वप्रथम मॅरेक्सचे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. "सगळे लसीकरण झाले आहे" हे उत्तर मुळीच पुरेसे नाही. बिलावर लसीचे नाव, टोचल्याची तारीख आणि उबवणीची तारीख असलीच पाहिजे. ही लस उबवणी केंद्रातच मानेच्या त्वचेखाली टोचली जाते. तिची कुपी बहुधा हजार मात्रांची असते आणि मिसळल्यावर ती तास-दोन तासांतच संपवावी लागते, त्यामुळे 50 पिल्लांसाठी हे काम घरी उरकण्याचा विचार सोडून द्यावा. शिवाय रोगाचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो व शेडच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून लसीचा असर होण्यापूर्वीच संसर्ग झाला, तर उशिरा टोचून उपयोग नसतो. मधल्या व्यापाऱ्याला उबवणीची तारीख सांगता येत नसेल, तर मॅरेक्सबद्दलचा त्याचा शब्दही धरू नये. लस असली तरी नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांपासून दूरच ठेवावीत.

ताबा घेताना प्रत्येक पिल्लू उलटे करून बेंबी पाहावी. ती कोरडी व मिटलेली हवी. ओली किंवा काळी खपली धरलेली बेंबी संसर्गाची खूण असते. पोटातील बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तगते, म्हणून ते चालताना दिसले एवढ्यावर समाधान मानू नये.

खाद्याच्या बाबतीत ब्रँडच्या नावापेक्षा पोत्यावरील उत्पादनाची तारीख अधिक महत्त्वाची असते. ज्या दुकानात माल लवकर खपतो तेथूनच घ्यावे. चिक स्टार्टरमध्ये सुमारे 20 टक्के प्रथिने असावीत. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना कदापि घालू नये, कारण त्यातील जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. 50 पिल्लांना 50 किलोचे एक पोते साधारण पाच आठवडे पुरते. साठा करू नये. गुठळ्या किंवा कुबट वास आढळल्यास पोते परत करावे.

रक्ती हगवणीवरील औषध खाद्यात आहे का, ते लेबलवर पाहावे. पुढच्या लसींपैकी लासोटा पहिल्या आठवड्यात, गंबोरो दोन आठवड्यांच्या सुमारास. तारखा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्याव्यात. पाणी, उष्णता नेहमीप्रमाणे. आणि पैसे देण्यापूर्वी बिल पुन्हा उघडून मॅरेक्सची नोंद वाचावी. ती नसेल तर पिल्ले घेऊ नयेत.