दरडीचा इशारा देणारा पावसाचा आकडा: या चुका टाळा

डोंगरी रस्त्यांवर पावसात येणाऱ्या दरडींपैकी पुष्कळशा उथळ असतात. खडकावर साचलेला एक-दोन मीटर जाडीचा मातीचा थर घसरतो आणि खालचा खडक जागच्या जागी राहतो. अशा घसरणीस किती पाऊस पुरेसा ठरतो, हे सांगणाऱ्या आकड्याला पर्जन्य-उंबरठा म्हणतात आणि त्यावरून रस्ता बंद करण्याचे इशारे दिले जातात. 'चोवीस तासांत १०० मिलिमीटर झाले की इशारा' असा एकच आकडा संपूर्ण हंगामासाठी ठरवून टाकणे ही यातली सर्वांत घातक चूक आहे. ती घातक का, हे कळण्यासाठी उताराच्या आत काय घडते ते आधी पाहावे लागते.

पहिली चूक: आधीच्या ओलाव्याचा हिशेब न ठेवणे

कोरड्या किंवा किंचित ओलसर मातीत कणांमधल्या पाण्याचे पातळ थर कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. या ओढीमुळेच उभट उतारावरची मातीही टिकून राहते. पाऊस मुरू लागला की ही ओढ कमी होत जाते. त्यानंतर पाणी खडकाच्या माथ्यावर साचू लागले की त्याचा दाब मातीला आतून उचलून धरतो आणि घर्षण घटते. माती जड झाली म्हणून घसरली, असे सर्रास सांगितले जाते, पण वाढलेल्या वजनाचा वाटा बहुधा लहान असतो. मुख्य कारण हा पाण्याचा दाबच असतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. उताराचा कोन ३६ अंश, खडकावरील मातीची जाडी उभ्या दिशेने १.५ मीटर, मातीचा घर्षणकोन ३३ अंश, चिकटपणा ४ किलोपास्कल आणि घनभार प्रति घनमीटर १८ किलोन्यूटन असे धरू. खडकावर पाणी साचलेले नसताना आणि कणांमधली ओढ न धरताही या उताराचा सुरक्षा गुणांक, म्हणजे मातीला धरून ठेवणाऱ्या बलाचे तिला खाली ओढणाऱ्या बलाशी असलेले गुणोत्तर, सुमारे १.२ येतो, म्हणजे उतार टिकतो. उताराला समांतर वाहणाऱ्या पाण्याची पातळी खडकापासून सुमारे ०.६३ मीटर चढली की गुणांक १ वर येतो आणि उतार सुटण्याच्या बेतात असतो. संपूर्ण थर पाण्याने भरण्याची गरज नसते, निम्म्याहून कमी भरला तरी पुरते.

आता एवढे पाणी साचायला किती पाऊस लागेल? हंगामाच्या सुरुवातीला माती कोरडी असताना ती आपल्या घनफळाच्या सुमारे १२ टक्के पाणी धरून ठेवते आणि खाली जाऊ देत नाही, असे मानले तर १.५ मीटर थरासाठी १८० मिलिमीटर पाणी नुसते मातीतच जिरते. त्यानंतर खडकावर पातळी चढते. मातीत अजून मोकळ्या असलेल्या पोकळ्या १० टक्के धरल्या, तर ०.६३ मीटर पातळीसाठी आणखी ६३ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे तोच उतार हंगामाच्या आरंभी साधारण २४० मिलिमीटर मुरलेल्या पाण्याने सुटेल आणि माती भिजून तृप्त झाल्यावर ६३ मिलिमीटरने. वाहून जाणारे आणि उतारावरून खाली निचरा होणारे पाणी या हिशेबात धरलेले नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पडावा लागणारा पाऊस याहून अधिक असेल. पण दोन्ही स्थितींतील मोठा फरक त्याने पुसला जात नाही. १०० मिलिमीटरचा स्थिर उंबरठा सुरुवातीला खोटा इशारा देईल आणि नंतर ७० मिलिमीटरच्या पावसात गप्प राहील. खोटे इशारे आधी आल्यामुळे लोक ते मनावर घेईनासे होतात, म्हणून नंतरचे हे गप्प राहणे आधीच्या खोट्या इशाऱ्यापेक्षाही महाग पडते.

यावरचा साधा उपाय म्हणजे रोजचा ओलावा-निर्देशांक. कालच्या निर्देशांकाला ०.९ ने गुणावे आणि त्यात आजचा पाऊस मिळवावा. रोज ३० मिलिमीटर असे दहा दिवस पाऊस पडला तर निर्देशांक सुमारे १९५ होतो आणि पाच दिवस उघडीप पडली की ११५ वर उतरतो. ०.९ हा आकडा मात्र पवित्र नव्हे. झपाट्याने निचरा होणाऱ्या रेताड मातीसाठी तो कमी आणि चिकणमातीसाठी जास्त धरावा लागतो. निर्देशांक जसा वाढेल तसा चोवीस तासांचा उंबरठा खाली आणावा, म्हणजे एका आकड्याऐवजी ओलावा आणि पाऊस या दोन्हींवर ठरणारी रेषा हाती राहते. जपानमध्ये भूमिगत पाणी दाखवणारा निर्देशांक आणि तासाभराचा पाऊस एकत्र पाहून इशारा ठरवतात, तोही याच विचाराने.

दुसरी चूक: दुसरीकडचे समीकरण उचलणे

१९८० मध्ये नेल केन यांनी जगभरच्या ७३ घटनांवरून मांडलेले समीकरण आजही सर्वत्र उद्धृत होते:

```
I = 14.82 × D^(-0.39)
```

यात I ही प्रति तास मिलिमीटरमध्ये पावसाची सरासरी तीव्रता आणि D हा तासांमधला कालावधी आहे. २४ तास घातले तर तासाला सुमारे ४.३, म्हणजे चोवीस तासांत एकूण सुमारे १०३ मिलिमीटर येतात. २००८ मध्ये २,६०० हून अधिक घटनांवरून काढलेल्या जागतिक समीकरणात २.२० आणि −०.४४ हे आकडे आहेत आणि त्यातून त्याच २४ तासांसाठी जेमतेम १३ मिलिमीटर येतात. दोन्ही रेषा दरडीच्या घटनांची खालची सीमाच दाखवतात, तरी त्यांच्यात आठपट अंतर आहे. यातली कुठलीही रेषा आपल्या रस्त्यावर जशीच्या तशी लावणे मला समर्थनीय वाटत नाही. आपल्याच रस्त्याच्या नोंदी हव्यात, आणि त्यात दरड न आलेल्या मोठ्या पावसांच्या नोंदीही तितक्याच हव्यात, कारण त्यांच्याविना खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण कळत नाही.

नोंदीतले दोष

दरडीची वेळ 'सकाळी' अशी लिहिली आणि पाऊस मात्र दिवसातून एकदाच मोजला, तर मोजणीच्या वेळेच्या दोन्ही बाजूंना विभागलेला सहा तासांचा जोरदार पाऊस दोन दिवसांवर वाटला जातो आणि उंबरठा चुकून कमी निघतो. दरडीनंतर पडलेला पाऊसही त्याच दिवसाच्या आकड्यात मिसळतो, तेव्हा उंबरठा उलट फुगतो. त्यामुळे तासागणिक नोंद आवश्यक आहे. पर्जन्यमापक पायथ्याशी आणि उतार शंभर-दोनशे मीटर वर असेल, तर दोन्हींचा पाऊस सारखा मानू नये.

रस्ता स्वतः उतार बिघडवतो, हे विसरणे

रस्त्यासाठी उतार कापला की त्याचा पायथा उभट होतो आणि खालचा आधार निघून जातो. त्यातच बाजूचे गटार तुंबले किंवा मोरी बुजली, तर दूरवरचे पाणी एकाच बिंदूवरून खालच्या उतारावर ओतले जाते. तिथे पर्जन्यमापकाने ४० मिलिमीटर दाखवले तरी उताराला त्याच्या कितीतरी पट पाणी मिळालेले असते. एखाद्या ठिकाणी उंबरठ्याच्या बऱ्याच खाली पुन्हा पुन्हा घसरण होत असेल, तर आकडा बदलण्याआधी वरच्या गटाराची तपासणी करावी. दोष बहुधा तिथेच सापडतो.

पाऊस थांबताच रस्ता खुला करणे

मुरलेले पाणी खालपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पाणी झटकन जाऊ देणाऱ्या मातीत तो काही तासांचा, तर चिकणमातीत दिवसांचाही असू शकतो. म्हणून सर्वाधिक दाब पाऊस ओसरल्यावरही येऊ शकतो. रस्ता उघडण्याआधी कापलेल्या उताराचा पायथा पाहावा. नवीन झरे फुटले आहेत का, स्वच्छ झिरपणारे पाणी गढूळ झाले आहे का, उताराच्या माथ्यावर ताज्या भेगा आहेत का, हे तपासावे. यापैकी एकही खूण असेल, तर पर्जन्यमापकाचा आकडा काहीही असला तरी रस्ता बंदच ठेवावा आणि दर दोन-तीन तासांनी भेगेची रुंदी खुणा करून मोजावी. वरून भेग बुजवण्यासाठी प्लास्टिक किंवा मातीचा थर लावता येतो, पण तो पाणी आत शिरणे थोपवतो, आत साचलेले पाणी काढत नाही. त्यामुळे भेग झाकली म्हणून मोजणी थांबवू नये.