फॉरेक्स कार्ड, रोख चलन आणि उरलेले पैसे: या चुका टाळा

परदेशी जायचं ठरलं की आपण चार ठिकाणी एकच प्रश्न विचारतो, ‘आज रेट काय आहे?’ मग ज्याचा दर वीस-तीस पैशांनी कमी, त्याच्याकडे जातो. पण प्रवासाहून परतल्यावर काही चलन उरतंच, आणि ते परत देताना कोणता दर लागणार हे घेताना फारसं कुणी विचारत नाही. पैसे गळतात ते बहुतेक तिथेच.

आकडे घेऊन बघू. हिशेब सोपा जावा म्हणून बाजारातला दर एका युरोला १०० रुपये धरू. बाकीचे दरही फक्त समजण्यासाठी आहेत, ते रोज आणि दुकानागणिक बदलतात. समजा, फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधी परकीय चलन भरून परदेशात वापरायच्या कार्डात, युरो भरायला १०१.५० रुपये पडतात आणि उरलेले परत देताना ९८.५० मिळतात. नोटा घ्यायला १०३ पडतात, परत देताना मात्र ९६ च मिळतात. नोटांमधली ही तफावत मोठी असते, कारण नोटा मागवाव्या लागतात, तिजोरीत ठेवाव्या लागतात, त्यांचा विमा काढावा लागतो आणि पडून राहिल्या तर तो खर्च मनी चेंजरच्या अंगावर येतो. आता ६०० युरो न वापरता परत आणले तर? कार्डावर असतील तर १,८०० रुपये गेले. नोटांमध्ये असतील तर ४,२०० गेले. घेताना वीस पैशांसाठी केलेली घासाघीस ६०० युरोंवर १२० रुपयांची होती.

वर जीएसटी आहेच, घेतानाही आणि परत देतानाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे ६० हजारांवर १०८ रुपये. तो टाळता येत नाही, त्यामुळे त्यात डोकं घालू नका. दोन्ही बाजूंचे दर मात्र लेखी मागा.

चूक पहिली: नोटा जास्त, कार्डात कमी

‘रोख हाताशी असलेली बरी’ ही सवय इथे महागात पडते. पोहोचल्या दिवशीचा प्रवास, छोटी खरेदी, टिप, नाणी लागणारी स्वच्छतागृहं आणि कार्ड न घेणारे बाजार यांना पुरतील एवढ्याच नोटा घ्या. दहा दिवसांच्या युरोप प्रवासाला माणशी दीडशे-दोनशे युरो माझ्या मते पुरेसे आहेत. जिथे अजून रोखीचाच व्यवहार चालतो अशा देशांत हा आकडा वाढेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला जास्तीत जास्त ३,००० डॉलरएवढंच परकीय चलन रोख नेता येतं. पण ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

नोटा छोट्या मागा. शंभर-दोनशेच्या नोटा बऱ्याच दुकानांत नाकारतात. फाटकी, लिहिलेली किंवा शिक्का मारलेली नोट काउंटरवरच परत करा. परत देताना ती तुमच्याकडूनही कुणी घेणार नाही. नाणी तर इथे सहसा कुणीच परत घेत नाही, ती विमानतळावर कॉफीत संपवून या.

चूक दुसरी: एकाच चलनात सगळं भरणं

एक जोडपं पॅरिस आणि तिथून स्वित्झर्लंडला निघालं आहे असं समजा. त्यांनी कार्डात ३,००० युरो भरले. ‘युरोपच तर आहे’ म्हणून स्विस फ्रँकचं वॉलेट, म्हणजे कार्डातला त्या चलनाचा वेगळा कप्पा, उघडलंच नाही. झुरिकमध्ये कार्ड चाललं, अडचण काहीच आली नाही, आणि म्हणूनच गोष्ट लक्षात आली नाही. फ्रँकच्या वॉलेटमध्ये पैसे नसले की कार्ड दुसऱ्या वॉलेटमधून रक्कम उचलतं आणि त्यावर क्रॉस करन्सी शुल्क लावतं. हे शुल्क ३.५ टक्के धरलं आणि स्वित्झर्लंडमधला खर्च १,००० युरोंएवढा झाला, तर ३५ युरो, म्हणजे साडेतीन हजार रुपये नुसते शुल्कात गेले.

निघण्याआधी कोणत्या देशात साधारण किती खर्च होईल ते कागदावर मांडा आणि त्या प्रमाणात वॉलेट भरा. वाटेत ॲपमधून युरोचे फ्रँक करता येतात, पण त्यातही बँक आपला दर लावते. आणि सगळं आधीच भरून ठेवू नका. अपेक्षित खर्चाच्या साधारण सत्तर टक्के भरा, बाकीचे गरज पडली तर प्रवासात ऑनलाइन भरता येतात. मात्र ही सोय तुमच्या कार्डावर आहे का, पैसे जमा व्हायला किती तास लागतात आणि शनिवार-रविवारी होतं का, हे निघण्याआधी विचारून घ्या. ओटीपी येणारा मोबाइल नंबर तिकडे चालू राहील याचीही खात्री करा. नाहीतर सोय असून उपयोग नाही.

चूक तिसरी: मशीनवर ‘रुपये’ निवडणं

दुकानातलं मशीन विचारतं, युरोत पैसे द्यायचे की भारतीय रुपयांत? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जातं. तसं केलं की दुकानाची बँक आपल्या दराने युरोचे रुपये करते. तुमच्या कार्डात तर युरो आहेत, त्यामुळे त्या रुपयांचे पुन्हा युरो होतात आणि त्यावर परत क्रॉस करन्सी शुल्क लागू शकतं. दोनदा रूपांतर, दोनदा कात्री. नेहमी स्थानिक चलन निवडा. पावतीवर रुपयांचा आकडा दिसला तर सही करण्याआधीच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच. शिवाय एटीएममधून प्रत्येक वेळी पैसे काढताना ठरावीक शुल्क लागतं, म्हणून वीस-वीस युरो पाचदा काढण्यापेक्षा शंभर एकदाच काढा.

परतल्यावर: शिल्लक ६४०, हातात ४१० चेच रुपये का?

पुन्हा तेच जोडपं. घरी आल्यावर ॲपमध्ये ६४० युरो दिसतात. ते बँकेत जाऊन परताव्याचा अर्ज देतात आणि खात्यात ४१० युरोंचेच रुपये येतात, ९८.५० च्या दराने ४०,३८५. त्यातून शुल्क आणि कर वजा. उरलेले २३० युरो कुठे गेले म्हणून भांडण सुरू होतं. पण यात लबाडी असेलच असं नाही. स्टेटमेंट उघडून तीन आकडे वेगळे करा: एकूण शिल्लक, अडवून ठेवलेली रक्कम आणि खरोखर उपलब्ध रक्कम.

इथे पॅरिसच्या हॉटेलने चेक-इनच्या वेळी अनामत म्हणून १५० युरो अडवले होते. चेक-आउटला त्यांनी त्याच अडवलेल्या रकमेतून बिल न घेता नवा व्यवहार केला, म्हणून जुना होल्ड तसाच लटकत राहिला. हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. त्याशिवाय बँकेने ८० युरो मागे ठेवले. मागाहून येऊ शकणाऱ्या व्यवहारांसाठी जास्तीत जास्त १०० डॉलरएवढी रक्कम ठरावीक काळ राखून ठेवायची मुभा बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. मंजूर झाले पण अजून दुकानाने वसूल न केलेले व्यवहारही ती अडवू शकते. बाकीची रक्कम मात्र तुम्ही मागितली की लगेच द्यायची आहे. ‘कार्डाची मुदत संपल्यावर बघू’ हे उत्तर नियमात बसत नाही.

होल्ड आपोआप सुटतो, पण त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. घाई असेल तर हॉटेलला ईमेल करा. व्यवहाराची तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मंजुरी क्रमांक कळवा आणि होल्ड सोडल्याचं पत्र मागून ते बँकेला द्या. बँक एकटी होल्ड काढायला सहसा कचरते, कारण हॉटेलने नंतर वसुली केली तर पैसे कुठून द्यायचे हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. यावरचा खरा उपाय म्हणजे चेक-इनला अनामत क्रेडिट कार्डावर द्यायची आणि बिल फॉरेक्स कार्डावर.

आणखी एक गोष्ट. शिल्लक काढून घेणं आणि कार्ड बंद करणं हे दोन वेगळे अर्ज आहेत. काउंटरवर दोन्ही एकाच फॉर्ममध्ये उरकून टाकतात. युरोपातल्या खरेदीवरचा कर परत मागताना तुम्ही हेच कार्ड दिलं असेल किंवा रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे येणं बाकी असेल, तर ते कार्डावरच येणार. कार्ड बंद झालं असेल तर ते पैसे शोधत बसावं लागतं. सगळी येणी येईपर्यंत कार्ड चालू ठेवा, फक्त शिल्लक काढा. वापर नसलेल्या कार्डावर काही काळाने शुल्क लागतं का, तेवढं मात्र विचारा.

परताव्याचा दर अर्जाच्या दिवशीचा की रक्कम निघेल त्या दिवशीचा, हेही आधी विचारा. पैसे कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्याच बँक खात्यात येतात. त्यामुळे सोयीसाठी सगळ्या घराचं चलन मुलाच्या नावावर घेतलं असेल, तर परतावाही त्याच्याच खात्यात. अर्जासोबत पासपोर्टची प्रत, पॅन आणि चलन घेतल्याची मूळ पावती लागते. ही पावती फेकू नका.

नोटांसाठी नियम सरळ आहे. परतल्यापासून १८० दिवसांत उरलेलं चलन अधिकृत मनी चेंजरला किंवा बँकेला द्यायचं. त्यापैकी २,००० डॉलरपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतं. वर्षभरात पुन्हा त्याच भागात जाणार असाल तर ठेवाच, दोनदा दर सोसण्यापेक्षा ते बरं. प्रवास मुळात रद्दच झाला असेल तर मात्र मुदत चलन घेतल्याच्या तारखेपासून मोजतात. घेतल्यापासून १८० दिवसांत ते परत करावं लागतं.

बँकेने टाळाटाळ केली तर तोंडी बोलत बसू नका. लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे स्टेटमेंट, परताव्याचा अर्ज आणि हॉटेलचं पत्र जोडा.